किल्ल्यासह सहाशे शब्द

पितृपक्षात लोक नवीन काम हाती घेत नाहीत, पण एसओपी लिहायला घेतात. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल्स शिकवते. त्यामुळे नात्यातल्या आणि सोसायटीतल्या परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाचं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे प्रवेशाच्या अर्जाबरोबर द्यायचा 'मला हे का शिकायचं आहे' हा निबंध, माझ्या डायनिंग टेबलावरून जातं. 'मावशी, फक्त एकदा नजर टाक,' असं म्हणून ते येतं. त्या 'फक्त'मध्ये माझे दोन रविवार बुडतात आणि वर पोह्यांचा खर्च.

त्यातही उन्हाळ्यात परदेशी इंटर्नशिप करून आलेल्यांचे एसओपी म्हणजे निराळंच प्रकरण. जो कुठेच गेलेला नाही तो 'लिहायला काही नाही' म्हणून रडतो. जो जाऊन आलाय तो इतकं लिहितो की त्यात सगळा युरोप सापडतो आणि हा पठ्ठ्या तेवढा सापडत नाही.

यंदा पाळी सख्ख्या भाच्याची होती. स्वारी तीन महिने जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका प्रयोगशाळेत राहून आलेली. धातूच्या 'फटीग'वर, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन धातू कधी थकतो आणि तुटतो त्यावर काम होतं. मर्यादा ६०० शब्दांची. मसुद्याचा पहिला परिच्छेद विमानात सुरू होत होता. खिडकीतून ढग दिसत होते आणि ढगांबरोबर याची क्षितिजंही रुंदावत होती. दुसऱ्या परिच्छेदात नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. तिसऱ्यात जर्मन लोकांचा वक्तशीरपणा. चौथ्यात 'विविध देशांच्या सहकाऱ्यांमुळे माझा दृष्टिकोन व्यापक झाला'. प्रयोगशाळेला एक वाक्य मिळालं होतं: 'तेथे मला अत्याधुनिक यंत्रावर काम करण्याची अमूल्य संधी लाभली.'

"किल्ला कशाला रे?"

"आईने सांगितलंय ठेवायला. राजा लुडविगने १८६९ मध्ये बांधायला घेतला होता, मावशी."

"हे त्या विद्यापीठाला माहीत नसेल असं वाटतं तुला? त्यांचाच किल्ला आहे."

माझी एक जुनी खोड आहे. पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधायचा, सहावीत बाईंनी शिकवला तसा. या मसुद्यात किल्ला उभा होता, रेल्वे वेळेवर येत होती, सहकारी मदत करत होते, क्षितिजं रुंदावत होती. भाचा कुठेच काही करत नव्हता. त्याला फक्त संधी लाभत होती आणि अनुभव येत होते. दुसरी खोड म्हणजे त्याचं नाव खोडून शेजारच्या जोशीकाकांचं घालून बघायचं. काका मागच्या मे महिन्यात टूरवाल्यांबरोबर युरोपला दहा दिवस जाऊन आले. किल्ला, वक्तशीरपणा, व्यापक दृष्टिकोन, सगळं काकांना जसंच्या तसं लागू पडलं. यंत्राचं वाक्यसुद्धा पडलं असतं, बसमधून उतरून त्यांनी कॉफी मशीन चालवलं होतं म्हणे.

गंमत अशी की याच मुलाने ऑगस्टात परत आल्यावर जेवताना आम्हाला एक झकास गोष्ट सांगितली होती. तेव्हा ताई मध्येच 'अजून एक पोळी घे' म्हणाली आणि ती अर्धी राहिली. ती मी पुन्हा काढायला लावली.

तिथे त्याचं काम साधं होतं. ॲल्युमिनियमचे डमरूसारखे, मध्ये बारीक आणि टोकांना रुंद असे तुकडे यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचे, ठरलेला ताण देत राहायचं आणि किती फेऱ्यांनी तुटतात ते नोंदवायचं. आगगाडीचे आस का मोडतात ते शोधताना ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात हा अभ्यास सुरू केला, म्हणून ताण आणि फेऱ्या यांच्या आलेखाला तिकडे आजही त्याचंच नाव आहे. सेकंदाला २० फेऱ्या धरल्या तरी दहा लाख फेऱ्यांना जवळजवळ १४ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी यंत्र लावायचं, घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं.

तर सकाळी येऊन बघितलं की तुकडा तुटलेला असायचा, पण भलत्याच ठिकाणी. मधल्या बारीक भागात तुटायला हवा, तो जबड्याला चिकटून तुटायचा. असा तुकडा हिशेबात धरत नाहीत. तो धातूच्या थकव्याने मेला की जबड्याने नीट न धरल्यामुळे मेला, हे सांगता येत नाही.

"मग तू काय केलंस?"

"फेऱ्या लिहून टाकल्या."

"आणि कुठे तुटला ते?"

"तो रकाना मोकळा ठेवला."

हे ऐकून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे जर्नल म्हणजे काय ते मी रोज बघते. ड्रॉइंगला जीटी मारायची, म्हणजे काचेखाली दिवा लावून मित्राची शीट उतरवायची, आणि प्रॅक्टिकलला मागच्या वर्षीच्या सिनियरची फाइल समोर ठेवायची. रीडिंग जुळलं नाही तर मुलं यंत्राकडे बघत नाहीत, सिनियरच्या आकड्याकडे बघतात. आम्हीही बिंदू रेषेवर छान बसलेत असं बघून सही करतो. इतकी वर्षं हे पचलेलं पोर जर्मनीत गेलं म्हणून एका रात्रीत हरिश्चंद्र कसं होणार?

झालं असं की त्याच्या वर देखरेख करणाऱ्या पीएचडीच्या मुलीने तक्ता बघितला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. ओरडली नाही. तुटलेले तुकडे मागितले. याने ते फेकले नव्हते, पिशवीत भरून ठेवले होते, कारण आपल्या घरात डबी-झाकण फेकत नाहीत तसे याच्याने ते फेकवले नाहीत. दोघांनी ते ओळीने मांडले. तेव्हा याला दिसलं की प्रत्येक तुकड्याची भेग एकाच बाजूने सुरू झालेली आहे. तुटलेल्या पृष्ठभागावर सुरुवातीचा भाग गुळगुळीत असतो आणि शेवटचा, एकदम फाटलेला भाग खरबरीत. गुळगुळीत भाग दर वेळी यंत्राच्या खिडकीकडच्या कडेला होता. योगायोग असा रोज सकाळी येत नाही.

मग याने एका नव्या तुकड्याच्या चारही बाजूंना स्ट्रेन गेज चिकटवले, म्हणजे धातू किती ताणला जातो ते मोजणाऱ्या पातळ पट्ट्या. सरळ ओढ बसत असेल तर चारही पट्ट्यांनी जवळपास सारखाच आकडा दाखवायला हवा. खिडकीकडची पट्टी जास्त दाखवत होती, समोरची कमी. तुकडा ओढला जात होताच, शिवाय वाकतही होता. तिथल्या टेक्निशियनने जबडा सैल करून पुन्हा मध्यावर आणला, आकडे जुळले आणि त्यानंतर तुकडे मध्यात तुटायला लागले. आधीचे सहा निकाल बाद झाले. पंधरा दिवसांचं काम पाण्यात.

"अरे, हे लिही ना!"

"मावशी, सहा टेस्ट बाद झाल्या असं एसओपीत लिहू? इंप्रेशन काय पडेल?"

इथे मात्र मला चहा ठेवावा लागला. सगळ्या मुलांची हीच अडचण असते. परदेशातला काळ म्हटला की त्यांना सत्काराचं भाषण सुचतं. जे बिघडलं ते लपवायचं आणि जे सगळ्यांना दिसलं ते सांगायचं. फटीगच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेला प्राध्यापक जबड्याशी तुटलेले तुकडे वाचून दचकणार नाही. त्याच्याकडे पोत्याने पडलेले असतात. तो बघणार की हा मुलगा पहिल्या आठवड्यात रकाना मोकळा ठेवत होता आणि निघताना काय करत होता. या दोन टोकांतलं अंतर कागदावर आलं तर वाढ दिसते. 'माझ्यात आमूलाग्र बदल झाला' या वाक्याने ती दिसत नाही, ते वाक्य जोशीकाकाही काशीहून आल्यावर म्हणतात.

दुसऱ्या मसुद्यात गडी एकदम दुसऱ्या टोकाला गेला. 'मी यंत्रातील दोष शोधून प्रयोगशाळेची चाचणीपद्धत सुधारली.' म्हटलं, सावकाश. ती मुलगी तुझं शिफारसपत्र लिहिणार आहे. तिच्या पत्रात 'आम्ही मिळून तपासलं' आणि तुझ्यात 'मी सुधारली' असं आलं तर दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी पडतील. रकान्यावर बोट तिने ठेवलं, जबडा टेक्निशियनने हलवला. एक बाजू तू ओळखलीस आणि पट्ट्या तू चिकटवल्यास. तेवढं तुझं. तीन महिन्यांत तेवढं पुष्कळ आहे.

मग माझा नेहमीचा, मुलांना न आवडणारा प्रश्न. "परत आल्यावर काय केलंस?" कारण तिकडे सगळेच शहाण्यासारखे वागतात. समोर तशी माणसं असतात, तसे तक्ते असतात. इकडे आल्यावर काय उरलं ते खरं. बराच वेळ त्याला काही आठवेना. मग म्हणाला, कॉलेजच्या यूटीएमवर, म्हणजे तुकडे ओढून तोडायच्या यंत्रावर, प्रोजेक्ट करताना जर्नलच्या छापील तक्त्यात त्याने पेन्सिलने एक जास्तीचा रकाना आखला, 'कुठे तुटला'. लॅब असिस्टंट काकांनी विचारलं, "हे सिलॅबसमध्ये आहे का?" सरांनी विचारलं, "याला मार्क नाहीत, माहीत आहे ना?" तरी त्याने तो भरला, आणि बाद तुकडे बाद म्हणून लिहिले.

हे पोर दोन महिने घरात वावरत होतं आणि ही गोष्ट त्याला सांगण्यासारखी वाटली नव्हती. किल्ला मात्र त्याने आम्हाला अठरा कोनांतून दाखवला होता.

शेवटचा मसुदा असा झाला: दोन वाक्यांत कुठे होतो आणि कशावर काम, मग रकाना, पिशवीतले तुकडे, एक बाजू, चार पट्ट्या, बाद निकाल, कॉलेजातली पेन्सिल, आणि तिथून थेट पुढे जोडांच्या फटीगवर का शिकायचं आहे ते. विमान उडालं नाही. किल्ला डीपीला गेला.

ताईने चष्मा लावून सगळं वाचलं. "सगळं तुटलेलंच आहे की गं यात," म्हणाली. "काही चांगलं नाही का शिकला तिकडे?"

तेव्हा भाच्याला केअरवोखं आठवलं. श्टुटगार्टच्या त्या भागात भाडेकरू आळीपाळीने जिना आणि दारापुढचा रस्ता झाडतात. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर पाटी लटकते. याच्या दारावर पाटी आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी कठड्यामागची धूळ बोटाने काढून दाखवली आणि याने तो जिना पुन्हा झाडला. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये 'परक्या ठिकाणी जुळवून घेतल्याचा प्रसंग' असा वेगळा प्रश्न होता, तिथे हे चाललं असतं. तो उत्साहाने टाइप करायलाही लागला: 'तेव्हापासून सार्वजनिक जागेची जबाबदारी मी स्वतःची मानतो...'

ताईने लॅपटॉप अर्धा मिटला आणि दाराकडे हात केला. "आपला जिना बाहेर आहे. आधी तो झाड, मग लिही."