‘बाळाचं काय ठरलंय?’ आणि पगार कोण देणार

“मावशी, बुधवारी इंटरव्ह्यू आहे. मागच्या ठिकाणी विचारलं होतं, लग्नाला दीड वर्ष झालं ना, मग बाळाचं काय ठरलंय? मी नुसती हसले. या वेळी विचारलं तर काय सांगू? तुमच्याकडे जर्मनीत म्हणे सरळ खोटं बोललं तरी चालतं?”

चालतं, निदान गरोदरपणाच्या बाबतीत. 2003 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयासमोर आलेल्या बाईने नोकरी घेताना आपण गरोदर नसल्याचं सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. वर ते काम असं की गरोदर बाईला ते करायला कायद्यानेच मनाई. मालकाने फसवणूक झाली म्हणून करार मोडला. न्यायालय म्हणालं, नोकरी कायमची आहे, मनाई काही महिन्यांची, तेव्हा हा प्रश्नच विचारायला नको होता. आणि जो प्रश्न विचारायचा नाही, त्याच्या खोट्या उत्तरावर करार मोडता येत नाही.

हे मी आपल्या घरच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथे जुंपली. तुझ्या आत्याला वाटलं की तू ऑफिसात बाळाची बातमी कधी द्यायची ते विचारते आहेस. तिने तिसरा महिना भरेपर्यंत कोणाला सांगू नये यावर लांबलचक लिहिलं. तुझी मैत्रीण म्हणाली, सरळ पॉशखाली तक्रार करायची. तिचं अर्धं बरोबर आहे. त्या कायद्यात तक्रार करणारी बाई त्या कंपनीत नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. पण तो कायदा लैंगिक छळासाठी आहे. प्रश्नासोबत कोणी अंगचटीला आलं किंवा घाणेरडं बोललं तर गोष्ट वेगळी. नुसतं ‘बाळाचं काय’ बहुधा त्यात बसणार नाही.

भाओजींचा मुद्दा मात्र मला झटकता येईना. त्यांचं भोसरीला वर्कशॉप आहे. ते म्हणाले, “सव्वीस आठवड्यांचा पगार माझ्या खिशातून जातो, वर बदली माणूस ठेवायचा. मग मी विचारणार नाही तर काय करणार?”

इथल्या आमच्या ऑफिसच्या कामगार प्रतिनिधी मंडळात एक बाई आहेत, वीसेक वर्षं हेच काम करतात. त्यांना मी भाओजींचं वाक्य ऐकवलं. त्या म्हणाल्या, आमचे मालकही असंच म्हणाले असते, पण त्यांना ते पैसे परत मिळतात. जर्मनीत प्रत्येक मालक, अगदी दोन माणसांचं दुकान असलं तरी, आरोग्य विमा संस्थेकडे दरमहा थोडी वर्गणी भरतो. तिला ‘यू 2’ म्हणतात. बाळंतपणाच्या सुट्टीत मालकाने दिलेली रक्कम त्यातून पूर्ण परत येते. म्हणजे तरुण बाई नोकरीवर घेतल्याने मालकाचा त्या सुट्टीचा पगार बुडत नाही. माझ्या मते इथलं न्यायालय एवढं ठाम राहू शकतं, त्यामागे ही वर्गणी आहे. जर्मन साहेब आपल्या साहेबापेक्षा सभ्य आहे म्हणून नव्हे. ‘मुलांना कोण सांभाळतं हो?’ असं गोड हसून विचारणारे इथेही भेटतात.

आपल्याकडे 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे मिळतात, ते चांगलंच झालं, पण बहुतेक ठिकाणी बिल मालकाच्या टेबलावर येतं. अपवाद ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा. ज्यांचा पगार महिना 21,000 पर्यंत आहे आणि ईएसआय लागू आहे, त्यांच्या सुट्टीचे पैसे ईएसआय देतं. भाओजींच्या शॉप फ्लोअरवरच्या बहुतेक मुली त्यात येतात, म्हणजे त्यांची अर्धी तक्रार तिथेच विरते. ऑफिसातल्या दोघींबद्दल मात्र ते बरोबर आहेत.

आता तुझा बुधवार. तुझा पगार ईएसआयच्या वर आहे, म्हणजे समोरचा मॅनेजर मनात तोच हिशेब करतोय असं धरून चाल. त्याला बाळात रस नाही. रिलीजच्या वेळी तू जागेवर असशील का, एवढंच हवंय. त्या भीतीला उत्तर दे, प्रश्नाला नको. मी असं म्हणेन: “सर, प्रोजेक्टच्या टाइमलाइनची काळजी असेल तर सांगते. माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे, रिलीजच्या आठवड्यात उशिरापर्यंत थांबायची सवय आहे. पुढचं रिलीज कधी आहे आणि टीम किती जणांची आहे?” शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यानंतर बोलायची पाळी त्याची येते. जे खरं नाही ते यात घालू नकोस. उशिरापर्यंत थांबणं जमणार नसेल तर ते वाक्य गाळ.

“दोन वर्षं तरी काही विचार नाही सर,” हे मात्र म्हणू नकोस. मला माहीत आहे, सगळ्याजणी तेच म्हणतात. पण त्याच्या वहीत ते वचन म्हणून उतरतं, उद्या बेत बदलला की ऐकवलं जातं, आणि बदल्यात तुला काहीच मिळालेलं नसतं. पुन्हा खोदून विचारलं तर आवाज न चढवता, “हे घरचं आहे सर, कामाबद्दल काहीही विचारा.” तिसऱ्यांदाही तेच आलं तर बाहेर पडल्यावर तारीख, नाव आणि त्याचे शब्द जसेच्या तसे स्वतःलाच मेल करून ठेव. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरव.

तोंडी उत्तर टाळणं वेगळं आणि फॉर्मवर खोटं लिहिणं वेगळं. विवाहित आहेस हे विचारलं तर खरं लिही. रुजू होताना पीएफच्या फॉर्मवर आणि मेडिक्लेमसाठी ते लागतंच, शिवाय खोट्या माहितीवरून कामावरून काढायचं निमित्त आपण होऊन कशाला द्यायचं? पाळी किंवा गरोदरपणाचा रकाना दिसला तर कोरा सोड. एलआयसीच्या फॉर्मवर असे रकाने होते. पाळीची तारीख चुकीची लिहिली म्हणून प्रोबेशनवरच्या एका बाईला काढून टाकलं, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं, ते रकानेही काढायला सांगितले. पण त्यासाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं. म्हणून जर्मन सल्ला पुण्यात जसाच्या तसा चालवू नकोस.

आणि बुधवारपर्यंत खरंच काही असेल, तर इंटरव्ह्यूत आपण होऊन सांगायची गरज नाही. मात्र ऑफर लेटरनंतरच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असू शकतो. तिथे डॉक्टरांना सांगायचंच, एक्स-रे पुढे ढकलायला लावायचा. या एका जागी लपवाछपवी नको. दुसरं असं की पगारी रजेसाठी प्रसूतीच्या अंदाजे तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेलं लागतं. रुजू व्हायची तारीख ठरवताना कॅलेंडर समोर ठेव.

भाओजींनी काल विचारलं, अशी वर्गणी आपल्याकडे सुरू झाली तर लहान कारखानदार ती भरतील का. मी म्हटलं, तुम्ही भराल का? ते म्हणाले, आधी किती ते सांग.