परिपत्रकातला 'ने' कुठे गेला?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक परिपत्रक आलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "इमारतीच्या आवारातील डासोत्पत्ती स्थानांची पाहणी व निर्मूलन करण्यात येऊन अनुपालन अहवाल विहित मुदतीत सादर करण्यात यावा." आम्ही ते नोटीस बोर्डावर लावलं. पुढे पाऊस सुरू झाल्यावर तपासणीला आलेल्या माणसाने गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घडीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. वॉचमनला वाटत होतं पेस्ट कंट्रोलवाला बघेल, कमिटीला वाटत होतं वॉचमन बघतोय. मला राग आला तो त्या वाक्याचा.

मराठीत काम कुणी करायचं हे 'ने' सांगतो. वॉचमनने ओतावं, सेक्रेटरीने पाहावं. 'करण्यात यावे' लिहिलं की 'ने' नसला तरी वाक्य पूर्ण वाटतं, लिहिणाऱ्यालाही आणि वाचणाऱ्यालाही. नुसतं 'पाहणी करा' असं बदलूनही भागत नाही, कारण कुणी, हा प्रश्न तसाच राहतो.

मी 'निर्मूलन' या शब्दापाशी बराच वेळ अडकले. हे क्रियापदात सांगायचं तर काय म्हणायचं? ओतायचं, घासायचं, झाकायचं. म्हणजे एका नामात तीन कामं, आणि ती करणारी माणसंही वेगळी. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून पाणी दर आठवड्याला ओतावं लागतं. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी जगतात, म्हणून नुसतं ओतून पुरत नाही, घासावंही लागतं. 'निर्मूलन' वाचून यातलं काही कळतं का? एकदा केलं की संपलं, असंच वाटतं.

शेवटी मी ते असं लिहिलं:

"वॉचमनने दर शनिवारी गच्ची आणि आवार फिरून साचलेलं पाणी ओतावं. रहिवाशांनी घरातल्या कुंड्यांखालच्या ताटल्या दर शनिवारी रिकाम्या करून घासाव्यात. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर कमिटीने ते बदलून घ्यावं. सेक्रेटरीने हे सगळं झालं का ते पाहून कार्यालयाला अहवाल द्यावा."

'अहवाल' मी तसाच ठेवला. तो खराखुरा कागद आहे, त्याचं क्रियापद करायचा अट्टहास नको. वॉचमन, कमिटी ही नावं मात्र आमची आम्ही ठरवली, मूळ कागदात ती नव्हतीच. दुसऱ्या कुणाचं परिपत्रक सोपं करताना अशी नावं अंदाजाने घालू नयेत, काढणाऱ्याला विचारावीत.

'विहित मुदत' मात्र मला ठरवता येईना. फोन केला, तिघांकडे फिरवला, शेवटी तारीख मिळाली. लिफ्टशेजारच्या कागदावर ती मी पेनाने लिहून ठेवली आहे.