जिनिव्हाच्या नावावर काकांची झेरॉक्स मागणाऱ्यांना

"भारताने 1979 मध्ये युनोच्या मानवाधिकार करारावर सही केली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीचा कोणताही मराठी माणूस जिनिव्हाच्या समितीकडे तक्रार करू शकतो. समितीचा निकाल कर्नाटकावर बंधनकारक, न पाळल्यास भारतावर निर्बंध. केस भक्कम राहण्यासाठी इथल्या ऑफिसात, कोर्टात जाऊ नका. उतारा, आधारची झेरॉक्स आणि 500 रुपये जमा करा."

रविवारी खानापूरला गेलो तेव्हा काका चष्मा कपाळावर सरकवून झेरॉक्स मोजत बसले होते. गठ्ठ्यावर पंचायतीची घरफाळ्याची नोटीस, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कानडीत. काकांना त्यातला फक्त आपला घर नंबर वाचता येतो. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते, त्यातले सहा वर दिलेल्या, फोनवर फिरणाऱ्या मेसेजपायी गेले. म्हणून लिहितोय.

1979 चं खरं आहे. त्या वर्षी 10 एप्रिलला भारत नागरी व राजकीय हक्कांच्या करारात सामील झाला. पण एकट्या माणसाची तक्रार ऐकण्याचा अधिकार समितीला त्या करारातून मिळत नाही. तो मिळतो वेगळ्या कागदातून, पहिल्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधून, आणि तो भारताने आजवर स्वीकारलेला नाही. ज्या देशाने तो मानला नाही, त्याच्याविरुद्धची तक्रार नोंदवूनच घेतली जात नाही. वंशभेद, स्त्रिया, बालकं, अपंग यांच्या करारांखालीही भारताने ही वाट उघडलेली नाही. मग 500 रुपये कशाचे?

बरं, समजा उद्या भारताने तो प्रोटोकॉल मानला. तरी समिती म्हणजे कोर्ट नव्हे. ती अठरा तज्ज्ञांची आहे आणि ती जे देते त्याला निकाल नाही, 'मत' म्हणतात. देशाने ते प्रामाणिकपणे अमलात आणावं अशी अपेक्षा असते, कळवायला साधारण 180 दिवस देतात, पाठपुरावा करायला समितीचा एक सदस्य नेमलेला असतो. निर्बंध लावायचा अधिकार तिला नाही. देशाने ऐकलंच नाही तर काय होतं, ते शेजारच्या श्रीलंकेत बघा.

सिंगरासा नावाच्या तमिळ माणसाला 1993 मध्ये पकडलं. त्याचा कबुलीजबाब सिंहलीत लिहिला गेला. त्याला सिंहली येत नव्हतं, त्याने अंगठा उठवला. मारहाण करून तो घेतला असं त्याचं म्हणणं होतं, पण तिथल्या दहशतवादविरोधी कायद्यानुसार ते सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच होती. शिक्षा झाली 50 वर्षं, अपिलात 35 झाली. श्रीलंकेने 1997 मध्ये प्रोटोकॉल मानलेला होता, म्हणून त्याची तक्रार जिनिव्हाला ऐकली गेली. 2004 मध्ये समितीने सांगितलं की खटला न्याय्य झाला नाही, याला सोडा किंवा पुन्हा खटला चालवा, भरपाई द्या. ते मत घेऊन तो श्रीलंकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. 2006 मध्ये कोर्टाने त्याचा अर्ज फेटाळला आणि वर म्हटलं की राष्ट्राध्यक्षांनी प्रोटोकॉल मानला हेच घटनेला धरून नव्हतं, देशात त्याला कायदेशीर बळ नाही. पत्रं लिहिण्यापलीकडे समितीच्या हातात काही उरलं नाही. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा म्हणजे काय, हे सीमाभागात कुणाला समजावून सांगायला नको. त्या माणसाच्या बाजूने समितीचं मत होतं, तरी त्याच्या शिक्षेचा एक दिवस त्याने कमी झाला नाही.

समितीच्या शब्दाला कधीच किंमत नसते असंही नाही, एवढं मान्य करावं लागेल. कॅनडात क्विबेकमध्ये दुकानाबाहेरच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये हव्यात असा कायदा होता. इंग्रजी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची तक्रार समितीने 1993 मध्ये उचलून धरली आणि त्याच वर्षी क्विबेकने कायदा सैल केला. पण तिथेही करारातल्या भाषिक अल्पसंख्याकांच्या 27 व्या कलमाचा मुद्दा टिकला नाही. अल्पसंख्याक कोण हे प्रांतावरून नव्हे, पूर्ण देशावरून ठरतं, असं समिती म्हणाली. ते व्यापारी जिंकले अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर. आपल्या पाट्यांसाठी क्विबेकचा दाखला देणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

सगळ्यात घातक ओळ मात्र "कोर्टात जाऊ नका" ही. नियम बरोबर उलटा आहे. देशातले उपलब्ध उपाय करून संपल्याशिवाय समिती तक्रार विचारातच घेत नाही. म्हणजे या सल्ल्याने इथली मुदत जाते आणि तिथलं दारही बंद होतं.

काकांना मराठीत हरकत लिहून दिली. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यातल्या किंवा केंद्रातल्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. तेच कलम अर्जात वरच लिहिलं. सोमवारी पंचायतीत दिला, पोच घेतली. मुदत संपायला आठ दिवस होते.