कुर्त्याच्या गळ्यातली चिठ्ठी

कुर्ता शिवायला कापड, दोरा आणि मास्तर लागतात. तो विकायला मात्र पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा लागतो आणि त्या तुकड्यावर काय छापावे याविषयी घरात जितकी मते असतात तितकी कापड, दोरा आणि मास्तर या तिघांविषयी मिळूनही नसतात. आमच्या वहिनींनी सुती कुर्त्यांचा छोटा ब्रँड सुरू केला, तेव्हा टॅग आणि लेबल तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. कारण मला चित्रे काढता येतात असा आमच्याकडे एक जुना समज आहे.

टॅगचा आकार ठरला पाच सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर उंच. वरच्या बाजूला दोरा ओवण्याचे भोक, त्याखाली ब्रँडचे नाव आणि उरलेल्या जागेवर तीन हक्कदार. वहिनींना कापडाची गोष्ट सांगायची होती, मास्तरांना धुण्याच्या सूचना द्यायच्या होत्या, कारण बिघडलेले कुर्ते शेवटी त्यांच्याच टेबलावर परत येत, आणि हिशेब पाहणाऱ्या काकांना किंमत हवी होती, शक्यतो एवढ्या मोठ्या अक्षरांत की बाकी दोघांना जागाच उरू नये.

पहिला कुर्ता निळीचा होता, दाबू छपाईचा. वहिनींनी लिहून आणलेली गोष्ट मानवी संस्कृतीच्या उदयापासून सुरू होत होती आणि पानाच्या शेवटी ती अजून नदीकाठीच होती. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त सोडावे लागते. त्यामुळे एवढ्या कार्डाच्या एका बाजूवर डोळ्यांना त्रास न होता पन्नास-साठ शब्दच मावतात. मी तसे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मग अक्षर लहान करा.” अक्षर लहान केले की अनुस्वार आणि ठिपका यांतला फरक केवळ श्रद्धेने ओळखावा लागतो, हे त्यांना छापील नमुना हातात घेतल्यावरच पटले.

गोष्ट कापायची म्हणजे काय ठेवायचे, हा खरा प्रश्न होता. ‘परंपरेचा वारसा’, ‘मातीचा सुगंध’ आणि ‘कारागिरांच्या हातांची ऊब’ हे शब्द कोणत्याही कुर्त्यावर, चादरीवर किंवा लोणच्याच्या बरणीवरही चिकटवता येतात, म्हणून ते आधी गेले. त्यानंतर जे उरले ते मात्र फार कामाचे निघाले. दाबूमध्ये चिकणमाती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचे पीठ कालवून तो चिखल ठशाने कापडावर उमटवतात, त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि वाळल्यावर कापड निळीच्या हौदात बुडवतात. जिथे चिखल बसला तिथे रंग शिरत नाही आणि नक्षी पांढरी राहते. वाळताना चिखलाला तडे गेले तर त्या तड्यांतून नीळ आत झिरपते आणि पांढऱ्या नक्षीत बारीक निळ्या शिरा उमटतात. या शिरा पाहून एका ग्राहक बाईंनी कुर्ता ‘छपाई फाटलेली आहे’ म्हणून परत पाठवला होता. म्हणजे शिरांविषयीचे एक वाक्य ही केवळ गोष्ट नव्हती. तो एक परत येणारा कुर्ता वाचवण्याचा उपाय होता.

हौदाचेही तसेच. हौदातून काढलेले कापड आधी हिरवट-पिवळे दिसते आणि हवा लागताच आपल्यासमोर निळे होत जाते. हौदात नीळ विरघळलेल्या रूपात असते. हवेतल्या प्राणवायूशी संयोग झाला की ती पुन्हा न विरघळणारी होते आणि धाग्याच्या बाहेरच्या थरात अडकून बसते. गडद निळा हवा असेल तर कापड पुन्हा पुन्हा बुडवावे लागते आणि दर वेळी हवेत सुकवावे लागते. इथे माझ्या लक्षात आले की तिन्ही हक्कदारांचे भांडण मुळातच खोटे होते. नीळ वरवर बसते, म्हणून सुरुवातीला घासल्यावर थोडी सुटते आणि त्यामुळे कुर्ता वेगळा धुवायचा. ही झाली मास्तरांची सूचना. कापड अनेकदा बुडवावे लागते, म्हणून गडद कुर्ता महाग. ही झाली काकांची किंमत. वहिनींची गोष्ट नीट सांगितली तर बाकी दोघांचे निम्मे काम त्या गोष्टीतच होत होते.

मी पुढील मजकूर तयार केला: ‘या कापडावर चिखलाचे ठसे उमटवून ते अनेकदा निळीत बुडवले आहे. चिखलाला तडे गेले तिथे निळ्या शिरा आल्या आहेत. त्या प्रत्येक कुर्त्यावर वेगळ्या असतात. नीळ धाग्याच्या वरच्या थरात बसते, म्हणून पहिल्या काही धुण्यांत ती थोडी सुटेल आणि घासली गेल्यास फिकट कापडाला लागेल.’ वहिनींना शेवटचे वाक्य स्वतःच्या मालाची बदनामी वाटले. त्यावर मास्तरांनी काहीही न बोलता पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला केला, कुर्त्यावर दहा वेळा घासला आणि तो निळा झालेला तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. वाक्य राहिले.

आता प्रश्न होता हे कुठे छापायचे. टॅग घरी नेल्याबरोबर कात्रीने कापला जातो आणि फार तर पुस्तकातली खूण म्हणून उरतो. कपडे धुण्याच्या दिवशी तो कधीही हजर नसतो. म्हणून दुकानात वाचायचे ते टॅगवर आणि धुताना वाचायचे ते शिवलेल्या लेबलवर, अशी मी सरळ वाटणी केली. हे ऐकून सर्वांनी माना डोलावल्या आणि लगेच लेबल कुठे शिवायचे यावर वाद सुरू केला. मानेला लावले तर टोचते, म्हणून तिथे फक्त ब्रँडचे नाव आणि साइज. धुण्याचे लेबल बाजूच्या शिवणीत जाते. पण कुर्त्याच्या उजव्या शिवणीत खिसा आणि दोन्ही शिवणी खाली कटापाशी संपलेल्या, त्यामुळे डावी शिवण, कटाच्या थोडी वर, एवढाच पत्ता उरतो. त्याहून खाली लावले तर चालताना लेबल कटातून डोकावते आणि लोक रस्त्यात थांबवून, “अहो, काहीतरी लटकतंय,” असे सांगतात.

लेबलच्या कापडाचीही एक रड आहे. पॉलिएस्टर सॅटिनच्या फितीवरची छपाई स्वच्छ दिसते. मात्र फीत गरम पात्याने कापत असल्यामुळे तिच्या कडा वितळून कडक होतात आणि अंगाला टोचतात. टोचणारे लेबल माणूस पहिल्याच दिवशी कापतो आणि मग आपल्या सूचना कितीही शहाण्या असोत, त्या कचऱ्यात जातात. सुती फीत मऊ असते, परंतु निळीच्या कुर्त्यासोबत धुतली की तीही निळसर होते आणि तिच्यावरची बारीक अक्षरे दिसेनाशी होतात. शेवटी आम्ही सॅटिनच घेतली, पण मधोमध दुमडून. म्हणजे कापलेल्या दोन्ही कडा शिवणीत गाडल्या जातात आणि बाहेर फक्त गुळगुळीत घडी राहते.

लेबलवर काय छापायचे, याचे उत्तर जगभर चालणाऱ्या पाच चिन्हांत आहे: टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, मग इस्त्री आणि वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. टबात हाताचे चित्र असले तर हाताने धुवा, चौकोनात उभी रेघ म्हणजे दोरीवर वाळवा, वरच्या कोपऱ्यात तिरकी रेघ असल्यास सावलीत. इस्त्रीत दोन ठिपके असतील तर तळ जास्तीत जास्त 150 अंश. ही चिन्हे मी वहिनींच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईला दाखवली. टबातला हात पाहून ती म्हणाली, “कोणीतरी बुडतंय, त्याला आधी काढा.” फुली मारलेला त्रिकोण तिला रस्त्यावरचा धोक्याचा फलक वाटला. म्हणून चिन्हांखाली साध्या मराठीत दोन ओळी आल्या: ‘उलटा करून, थंड पाण्यात, वेगळा धुवा. सावलीत वाळवा.’ लोक शेवटी कुर्ता मशीनमध्येच टाकणार हे गृहीत धरून ‘मशीन असल्यास हलक्या फेरीवर’ हेही मी जोडले. सुती कुर्त्यावर ‘फक्त ड्रायक्लीन’ छापणारे ब्रँड मला सावध कमी आणि पळपुटे अधिक वाटतात.

“पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा, हे राहिलंच की,” वहिनी म्हणाल्या. हा सल्ला त्यांच्या आत्याकडून आला होता, त्यामुळे त्याला विरोध करणे हे वस्त्रशास्त्राच्या कक्षेबाहेरचे साहस होते. मीठ काही रंगांच्या रंगवणीत खरोखर वापरतात. ते पाण्यातला रंग सुती धाग्याकडे ढकलते. पण रंगवून झालेल्या कुर्त्यावरचा रंग ते पक्का करत नाही, आणि निळीची तर पकडच वेगळी. आत्यांचा मान राखून मीठ स्वयंपाकघरात परत गेले.

आता काका. कुर्त्याची किंमत 1,850 रुपये ठरली आणि काकांनी ती ‘1,761.90 अधिक कर 88.10’ अशी छापायला सांगितली. हिशेब अगदी बरोबर होता, कारण 2025च्या सप्टेंबरपासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के जीएसटी आहे. पण टॅगवर कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह, एकच आकडा म्हणून लिहायची असते. उघड्यावर टांगून विकायच्या कपड्यांना 2022 पासून छापायच्या बऱ्याच तपशिलांतून सूट मिळाली असली, तरी ही किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल, आणि साइज सुटत नाहीत. साइजही नुसती ‘एम’ लिहून भागत नाही, सेंटिमीटरही द्यावे लागतात. ते सेंटिमीटर अंगाचे की कुर्त्याचे, हे लिहिले नाही तर छाती 100 वाचून 100 छातीचा माणूस कुर्ता घेऊन जातो आणि त्याला हात वर करता येत नाहीत.

दिवाळीला काकांनी सवलत काढली: 1,480. त्याचे स्टिकर त्यांनी मूळ किमतीवर नेमके झाकून चिकटवायला घेतले. कमी केलेल्या किमतीचे स्टिकर चालते, पण त्याने मूळ किंमत झाकली जाता कामा नये, हा नियम मी वाचून दाखवला. काकांनी स्टिकर उचलले आणि बाजूच्या मोकळ्या जागेत लावले. ती मोकळी जागा मी दुकानदाराच्या बारकोडसाठी राखली होती. दुकानदाराने मग आपला बारकोड जिथे जागा दिसली तिथे, म्हणजे नीळ सुटण्याविषयीच्या वाक्यावर लावला.

पुढच्या छपाईत बारकोडची चौकट मागच्या बाजूला गेली, ठळक रेघेने आखून. दोराही बदलला, लाल दोरा सुंदर दिसत होता, पण दमट गोदामात त्याचा रंग कुर्त्याला लागू लागला, म्हणून बिनरंगाचा सुती घेतला. कोऱ्या, गुळगुळीत लेप नसलेल्या पुठ्ठ्याच्या टॅगला कुर्ताच निळा करत होता, त्याचे काय करायचे यावर मात्र वहिनी ठाम होत्या: ते तसेच राहू द्यायचे, कारण तो शेवटच्या वाक्याचा पुरावा आहे. मला हे मान्य करावे लागले.

परवा लाल कुर्ते आले, मंजिष्ठेचे. त्यात नीळ नाही आणि हौद नाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटी लावून रंगात उकळलेले, आणि काळ्या रेषा लोखंडाच्या, ज्यांच्यावर लिंबू पडले तर त्या फिक्या पडतात. म्हणजे गोष्ट नवी, सूचना नवी, किंमतही नवी. वहिनींनी जुने उरलेले टॅग पाहिले आणि विचारले, “भाऊजी, यात फक्त ‘नीळ’ खोडून ‘लाल’ केलं तर नाही का चालणार?”