रेकॉर्ड केलेला मॅक्रो आणि गळालेल्या ३७ ओळी

"जो रिपोर्ट दर आठवड्याला करावा लागतो, त्याचा लगेच मॅक्रो करा. रेकॉर्डचं बटण दाबा, एकदा काम करून दाखवा, झालं. डॉक्युमेंटेशन कशाला? कोडमध्ये सगळं असतंच."

एक्सेलमधलं तेच ते काम आपोआप करणाऱ्या मॅक्रोबद्दलचा हा सल्ला एकेक तपासून पाहू. आधी "लगेच"बद्दल. रिपोर्टला ४० मिनिटं लागतात म्हणून ४० मिनिटं वाचतील असं नाही. त्यातली २५ मिनिटं फाइलची वाट पाहण्यात आणि विचित्र नोंदींची विचारपूस करण्यात जात असतील, तर मॅक्रो फक्त उरलेली १५ वाचवणार. तो बनवून तपासायला ६ तास लागले, तर ते भरून यायलाच २४ आठवडे जातात. मूळ फाइलचे कॉलम वरचेवर बदलत असतील आणि प्रत्येक दुरुस्ती तासभर खात असेल, तर दर वेळी आणखी चार आठवड्यांची बचत गेली. अशा वेळी थांबलेलं बरं. फाइलचा साचा काही महिने तसाच राहिला, की मगच हात घाला.

सगळ्यात घातक सल्ला रेकॉर्डिंगचा आहे. रेकॉर्डर तुमचा हेतू टिपत नाही, तुम्ही निवडलेले सेल टिपतो. त्या दिवशी डेटा ४१८व्या ओळीपर्यंत असेल, तर कोडमध्ये बहुतेक `Range("A2:F418")` असंच उतरतं. पुढच्या आठवड्यात डेटा ४५५पर्यंत गेला, की शेवटच्या ३७ ओळी बेरजेतून गळतात. एरर येत नाही, रिपोर्ट नेहमीसारखाच देखणा दिसतो आणि चुकीचा आकडा वरपर्यंत जातो. म्हणून शेवटची ओळ दर वेळी शोधायला लावा आणि रेंजमध्ये `"A2:F418"`ऐवजी `"A2:F" & lastRow` लिहा:

```vba
Set ws = ActiveSheet
lastRow = ws.Cells(ws.Rows.Count, "A").End(xlUp).Row
```

इथे `"A"`च्या जागी कॉलम असा निवडा, जो कधीच रिकामा नसतो. आणि फाइलच्या तळाशी "एकूण" अशी ओळ येत असेल, तर ती वगळा, नाहीतर बेरीज दुप्पट होईल. मॅक्रोने केलेले बदल सहसा `Ctrl+Z`ने मागे घेता येत नाहीत, त्यामुळे तो मूळ फाइलवर नव्हे, कॉपीवर चालवा. काही आठवडे हातानेही रिपोर्ट करून ओळींची संख्या आणि बेरीज जुळवून पाहा. फक्त फाइल जोडून स्वच्छ करायची असेल, तर एक्सेलमधलीच पॉवर क्वेरी पुरते, मॅक्रोची गरजच नाही.

राहिलं डॉक्युमेंटेशन. कोडमधून एवढंच कळतं, की अमुक प्रकारच्या नोंदी वगळल्या जातात. का वगळतात, ते कोणी ठरवलं, हे त्यात कुठेच नसतं. तुम्ही रजेवर असताना सहकाऱ्याला नेमकं हेच लागतं. त्याच वर्कबुकमध्ये पहिल्या शीटवर लिहा: मूळ फाइल कुठून, कधी आणि कोणाकडून येते, ती कुठल्या नावाने कुठे ठेवायची, कोणता आकडा कशाशी जुळला पाहिजे, काय आणि का वगळलंय, मॅक्रो बंद पडला तर रिपोर्ट हाताने कसा काढायचा. फाइल `.xlsm` म्हणूनच सेव्ह करायची, हेही लिहा, कारण `.xlsx` केली की मॅक्रो जातो. मग ते वर्कबुक सहकाऱ्याच्या हाती द्या, शेजारी गप्प बसा आणि त्याला रिपोर्ट काढू द्या. तो जिथे अडून तुम्हाला विचारेल, ती ओळ लिहायची राहिली आहे.