तिसरी शिट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

*“काका, दोन्ही पत्रं वाचली. पहिलं वाचून डोळ्यांत पाणी आलं. दुसरं वाचताना वाणसामानाची यादी वाचतोय असं वाटलं. कुकर, पदर, कंदील... यात प्रेम कुठे आहे? इतक्या सुंदर मराठीला तुम्ही उगाच कात्री लावलीत.”*

नमस्कार. लेहहून बायकोला लिहिलेली माझी दोन पत्रं मी एका लेखात दिली होती, पहिलं अलंकारिक शब्दांचं आणि त्यानंतरचं साध्या, घरगुती गोष्टींचं. तुमची प्रतिक्रिया त्यावरची. पहिल्या पत्राचं पुढे काय झालं ते लेखात राहून गेलं, म्हणून आधी तेच सांगतो.

१९९१चा जानेवारी. रस्त्याच्या कामावर लेहमधला माझा पहिलाच हिवाळा. श्रीनगरहून लेहला येणाऱ्या रस्त्यावरची झोजीला खिंड बर्फाने बंद, टपाल फक्त विमानाने, आणि हवा बिघडली की तेही नाही. ‘तुझ्या आठवणींच्या सागरात माझी नौका दिशाहीन झाली आहे’ हे वाक्य मी तीनदा खोडून जुळवलं होतं. खोलीतल्या सोबत्याला वाचून दाखवलं. त्याला ते इतकं आवडलं की त्याने अख्खं पत्र उतरवून घेतलं, मायन्यातलं नाव बदललं आणि आपल्या बायकोला धाडलं. त्याची बायको शाळेत शिकवायची, त्यांना दोन मुलं. आमच्या लग्नाला आठ महिने झालेले, आणि माझी बायको सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेतात राबत होती. तरी त्याला दुसरा एकही शब्द बदलावा लागला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

पत्र पुन्हा काढलं आणि त्यात ती कुठे आहे ते शोधू लागलो. आठवण माझी, सागर माझा, नौकाही माझीच. सबंध पत्रात ती एकही गोष्ट करत नव्हती. शिवाय त्यातले ‘सखे’ आणि ‘विरह’ हे शब्द मी तिच्याशी बोलताना कधी वापरलेच नव्हते. मग स्वतःला विचारलं, काल तिची आठवण नेमकी कधी आली? कुकरपाशी.

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. कुकर लागतोच, पण बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने त्याच्या आतली वाफही आपल्याकडच्याइतकी गरम होत नाही. घरी तीन शिट्ट्यांत होणारी तूरडाळ तिथे तीन शिट्ट्यांनंतर बोटाला कडकच लागते. म्हणून दुसऱ्या पत्रात लिहिलं, “तिसरी शिट्टी झाली की मी अजून दाराकडं बघतो. तू पदराला हात पुसत येशील आणि स्टोव्ह बंद करशील असं वाटतं. मग ध्यानात येतं, इथं डाळ अजून शिजायचीय.” हे वाक्य सोबत्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, आमच्याकडे डाळ आई शिजवते. त्याने ते उतरवून घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पिढीला कदाचित माहीत नसेल. आमच्या घरी आलेलं आंतरदेशीय पत्र माझा धाकटा भाऊ ओसरीवर मोठ्याने वाचायचा. वडील ऐकायचे, आई ऐकायची, आणि जिला लिहिलंय ती आत चुलीपाशी उभी राहून ऐकायची. ‘सखे’ म्हटलं असतं तर तिला चार दिवस मान वर करता आली नसती. कुकरची गोष्ट सगळ्यांना ऐकता आली. पदराला हात पुसत कोण येतं, आणि आल्यावर मी काय करायचो, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

कंदिलाबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ‘तू उंबऱ्यापाशी कंदील घेऊन उभी असशील’ हे वाक्य दुसऱ्या पत्रात उरायलाच नको होतं. आमच्याकडे तेव्हा वीज आलेली होती. माझ्या लग्नानंतर कंदील पेटवल्याचं मला आठवत नाही. तो मी वाचलेल्या गोष्टींमधून आला, सागर आणि नौका आली तिथूनच. वस्तूचं नाव घेतलं म्हणजे वाक्य आपोआप खरं होतं असं नाही, आणि तुम्हाला तिथे यादी वाटली त्याचं कारण बहुधा हेच. बर्फाच्या आणि खोली ऊबदार ठेवणाऱ्या बुखारीच्या आठ ओळी मी तेव्हाच काढल्या होत्या, कारण त्यांत माझे हाल होते, ती नव्हती. त्याच झटक्यात कंदीलही जायला हवा होता.

पहिलं पत्र वाचून तुम्हाला रडू आलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. सोबत्याची बायकोही रडली, असं तिनं त्याला कळवलं होतं. पण मला माझ्या बायकोला रडवायचं नव्हतं. मी रोज कुठल्या वेळी तिच्यापाशी असतो, हे तिला कळायला हवं होतं.

तिचं उत्तर महिन्याभराने आलं. भावाकडून लिहून न घेता तिनं स्वतः लिहिलं होतं, मोठ्या मोठ्या अक्षरांत, पाऊण पान. पावसाचं, म्हशीचं, वडिलांच्या गुडघ्याचं. आणि शेवटी घडीच्या कडेला, “कुकरची रिंग ढिली झालीय. वाफ बाजूनं जाते, शिट्टीच होत नाही. येताना घेऊन या.”

रिंग मी जूनमध्ये चंदीगडला उतरल्यावर घेतली. पाच लिटरच्या कुकरची.