प्लीज सी ट्रेलिंग मेल

मंगळवारी जेवून जागेवर येऊन टेकलो, तोच साहेबांची मेल. मजकूर एका ओळीचा: "प्लीज सी ट्रेलिंग मेल अँड डू द नीडफुल." खाली 31 मेलांची उतरंड. विषयाच्या जागी RE: FW: RE: RE: FW: आणि मग जागा संपली म्हणून तीन टिंबं. पावणेदोन तास खर्चून मी जे ज्ञान मिळवलं ते तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं नव्हे. तुम्हालाही अशी उतरंड रचायची असेल तर पुढची पथ्यं पाळा.

सगळ्यात आधी, काय हवंय ते चुकूनही लिहू नका. वाचणाऱ्याला शोधू द्या, त्याचा व्यायाम होतो. तळाशी जायचं, तिथली मेल वरून खाली वाचायची, मग तिच्या डोक्यावर चढून वरची मेल पुन्हा वरून खाली. दोन पावलं खाली, चार पावलं वर. मधल्या पायऱ्यांवर प्रत्येकाचं पद, मोबाइल नंबर, कंपनीचा लोगो आणि "गरज असेल तरच प्रिंट काढा, झाडं वाचवा". एका साहेबांची ही झाडं मी एकोणीस वेळा वाचवली.

मजकुराच्या मधेच लाल रंगात उत्तर लिहा. पुढच्याने निळ्यात लिहावं. तिसऱ्याने पुन्हा लाल.

परदेशातल्या माणसाला जरूर आत घ्या. आमच्या उतरंडीत जर्मनीचा एक गृहस्थ होता. त्याची मेल एका ठिकाणी दुपारी 3:10 ची दिसत होती आणि जरा वर 11:40 ची. मी दोन मेल समजून दुसरी शोधत बसलो. मेल एकच होती. खाली चिकटणाऱ्या मेलच्या डोक्यावर, निदान आमच्याकडे तरी, जो चिकटवतो त्याच्या घड्याळाची वेळ पडते. आमच्या माणसाने उत्तर दिलं तेव्हा 3:10 पडलं, जर्मनीतल्याने स्वतःचीच मेल पुढे पाठवली तेव्हा 11:40.

आणि आता खरं कसब. उत्तर नेहमी जुन्या मेलला द्या. शेवटच्या नव्हे, मधल्या कुठल्यातरी. हे जमलं की पुढे कोणाचा बापही काही शोधू शकत नाही. आमचंच घ्या. अगदी तळाशी, पहिली मेल, नाशिकच्या डिस्पॅचमधल्या बाईंची: "जुना पत्ता छापलेली 400 खोकी उरली आहेत. स्टिकर लावून वापरू का?" बस्स. हो किंवा नाही. दुसऱ्या मेलमध्ये कोणीतरी विचारलं, स्टिकर कोण छापणार. तिसरीत आणखी एकाला आत घेतलं. मग चौथी असायला हवी, पण माझ्यासमोर जी होती ती थेट लोगोवर होती. पाचवी लोगोच्या निळ्या रंगावर, म्हणून जर्मनी. आठव्या मेलला कोणीतरी "रिप्लाय ऑल"ऐवजी नुसतं "रिप्लाय" दाबलं आणि नाशिकच्या बाई कायमच्या बाहेर पडल्या. पुढच्या तेवीस मेल त्यांच्या खोक्यांवर, त्यांच्याशिवाय. सतराव्या मेलमध्ये तर पुरवठादार बदलायचं निघालं! 400 खोक्यांसाठी!

शेवटी मी फोन लावला.

"बाई, त्या खोक्यांचं काय ठरलं?"

"सर, ते तर त्याच दिवशी मिटलं. स्टोअरच्या साहेबांनी अर्ध्या तासात 'वापरा' म्हणून कळवलं. माल जाऊनपण झाला."

उत्तर आलं होतं. चौथी मेल तीच होती. पण लोगोवाल्याने ती न उघडता तिसरीलाच उत्तर ठोकलं, आणि ज्या मेलला तुम्ही उत्तर देता तिच्या पोटात जे असतं तेवढंच तुमच्या खाली चिकटतं. म्हणून 'वापरा' ही फांदी तिथेच तुटली आणि दुसरी फांदी 31 मेल वाढत साहेबांपर्यंत, तिथून माझ्या बोडक्यावर. तळापासून कितीही इमानाने वाचा, जे त्या उतरंडीत नाहीच ते सापडणार कुठून?

अरे, काय चाललंय हे? फॉरवर्ड दाबायच्या आधी दोन ओळी लिहायला हात मोडतात का? कोणी विचारलं, काय विचारलं, माझ्याकडून काय हवं. 1995 सालच्या RFC 1855 या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या टिपणात स्वच्छ लिहून ठेवलंय की उत्तर देताना मूळ मेलचा सारांश वर द्या, नाहीतर संदर्भापुरताच भाग ठेवा. तेव्हापासून आपण काय शिकलो, तर "ट्रेलिंग मेल". स्वतः वाचायचा कंटाळा आला म्हणून ढकलता, आणि वर "नीडफुल"! विचारणारी व्यक्ती Cc मध्ये आहे का एवढं तरी बघा. विषय बदलला तर नवी मेल काढा, पैसे पडत नाहीत. आणि साहेब, तुम्हीसुद्धा. एक फोन, चाळीस सेकंद लागले मला.

हे सगळं साहेबांना सविस्तर कळवलं. उत्तर लगेच आलं: "नोटेड. प्लीज रिप्लाय ऑन द सेम ट्रेल."